इरकलीच्या लाल पदराचा रंग लागतो, सांध्यावर चुण्या पडतात: फोटोवरून पोत ओळखणं आणि साडी धुणं

हातमागाच्या साडीबद्दल वारंवार येणारा प्रश्न साधारण असा असतो: पलंगावर अंथरलेल्या साडीचा ट्यूबलाइटच्या उजेडातला एक फोटो, खाली "ही कोणती साडी आहे? धुवायची कशी? आधी एकदा धुतली तर पदराचे पांढरे पट्टे गुलाबी झाले." अशा फोटोंतल्या बऱ्याच साड्या इरकली असतात, किंवा इरकलीसारख्या दिसणाऱ्या असतात. म्हणून इथे इरकलच घेतली आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावाची ही साडी, पण सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या घरांतून आजीच्या नऊवारीपासून नातीच्या सहावारीपर्यंत कुठे ना कुठे एखादी निघतेच.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. फोटोवरून वीण कळते, अंग आणि पदर यांच्यातला सांधा कळतो, रंग कुठून कुठे गेला हे कळतं. धागा कशाचा आहे हे फोटोवरून खात्रीने कळत नाही. आणि धुण्याचा निर्णय साडीच्या नावावर नसतो, तिच्यातल्या सगळ्यात नाजूक धाग्यावर असतो. "इरकल आहे, म्हणजे सुती, म्हणजे घरी धुवा" हा सल्ला निम्म्या साड्यांची वाट लावतो, कारण अंग सुती असलं तरी पदर जवळजवळ कधीच सुती नसतो.

साडी बनते कशी, ते आधी

इरकलीसाठी तीन वेगळे ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, तयार होतात: अंगाचा, काठाचा आणि पदराचा. अंगाचा ताणा सुती असतो किंवा रेशमी. काठाचा आणि पदराचा ताणा रेशमी किंवा आर्ट सिल्कचा असतो, आणि बहुतेकदा लाल किंवा लाखी रंगाचा. अंगाचा ताणा जिथे संपतो तिथे पदराचा ताणा त्याला फासात फास अडकवून जोडला जातो. एकेका धाग्याला एकेक धागा. या जोडणीला तिकडे टोप तेनी म्हणतात, आपल्याकडे अशा पदराला टोप पदर. पदराची लांबी साधारण 16, 18 किंवा 27 इंच. त्यात लाल पट्ट्यांच्या मधे पांढरे पट्टे आणि त्यांत फणीच्या दातांसारख्या, डोंगररांगेसारख्या किंवा ज्वारीच्या कणसासारख्या आकृत्या.

आता तक्रारीचं मूळ इथेच दिसतं. एकाच साडीत दोन वेगळ्या जातींचे धागे एका रेषेवर फासांनी जोडलेले आहेत, आणि सगळ्यात गडद लाल रंगाला लागून सगळ्यात पांढरा पट्टा आहे. पाण्यात गेल्यावर या दोन्ही ठिकाणी बिघाड होतो, दुसरीकडे फारसा होत नाही.

पाण्यात हे धागे कसे वागतात ते लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. सुती धागा ओला झाल्यावर उलट थोडा मजबूत होतो. रेशीम थोडं कमजोर होतं. आर्ट सिल्क म्हणजे बहुधा रेयॉन, आणि ते मात्र ओलं झाल्यावर जवळजवळ निम्मी ताकद गमावतं, आणि वाळलं की ती परत येते. म्हणजे सुती अंगाला रेयॉनचा पदर असलेली साडी बादलीतून पदराला धरून उचलली, तर पाण्याने जड झालेल्या सगळ्या अंगाचा भार त्या घटकेला सगळ्यात दुबळ्या असलेल्या धाग्यांवर आणि त्यांच्या फासांवर येतो. सांध्यावर जाळी दिसायला लागते ती इथून.

कोणते फोटो हवेत

पूर्ण साडीचा फोटो फक्त मांडणी सांगतो. बाकी चार फोटो लागतात. सगळे दिवसा, खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, फ्लॅश बंद ठेवून. ट्यूबखाली काढलेल्या फोटोत लाखी रंग राणी दिसतो आणि फ्लॅशमध्ये रेशीम, रेयॉन, पॉलिस्टर सगळं सारखंच चमकतं. प्रत्येक फोटोत कापडाशेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे काठाची रुंदी आणि सुताची जाडी कळते. फोन कापडाला अगदी चिकटवू नका. एक वीत अंतरावरून काढून नंतर मोठं करून पाहिलेलं चांगलं, नाहीतर धाग्यांवर लाटांसारखे खोटे पट्टे उमटतात आणि ते विणीतले वाटतात.

पहिला फोटो सांध्याचा, सुलट बाजूने आणि उलट बाजूने. दुसरा काठाच्या उलट बाजूचा, जिथे काठ अंगाला मिळतो तिथला. तिसरा पदराच्या दशांचा. चौथा डागाचा, पण नुसत्या डागाचा नाही: डाग, त्याच्या शेजारचा लाल भाग आणि अलीकडचं पलीकडचं बोटभर कापड एका चौकटीत आलं पाहिजे.

सांध्याच्या फोटोत काय पाहायचं? टोप पदर असेल तर अंगाचा उभा धागा त्या रेषेवर वळून मागे गेलेला दिसतो आणि त्याच्या फासात पदराचा लाल धागा. ओळीने बारीक बारीक गाठींसारखे उंचवटे, बोट फिरवलं तर हाताला लागणारे. सांध्यापुढे उभे धागे लाल आहेत, आडवे धागेही लाल आहेत, म्हणून पदराचा लाल रंग भरीव, एकजीव दिसतो. नक्कल असेल तर अंगाचाच ताणा पुढे पदरात गेलेला असतो आणि लाली नुसत्या बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्यांची, असते. मग पदर तिरपा धरून पाहिला की लालच्या आतून अंगाचा हिरवा किंवा निळा रंग डोकावतो, आणि सांध्याच्या जागी नुसती रंग बदलल्याची सरळ रेषा असते, फास नसतात.

धोटा म्हणजे बाणा आरपार नेणारी नळी. काठाच्या उलट बाजूला, तीन धोटे चालवून विणलेली साडी असेल तर अंगाचा बाणा काठाशी येऊन काठाच्या बाण्यात अडकून परत फिरलेला दिसतो, आणि काठ मागूनही शुद्ध लाल असतो. एकाच धोट्याने विणलेल्या साडीत अंगाचा बाणा काठातूनही जातो, म्हणून काठात अंगाच्या रंगाची झाक असते. इथे घाई करू नका. तीन धोट्यांची खूण दिसली तर हातमागाच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. ती नाही म्हणून साडी यंत्रमागाची ठरत नाही, कारण हातमागावरही एका धोट्याच्या साड्या विणल्या जातात. टोप पदराचा सांधा हीच खरी ओळख.

अंगभर बुट्टी असेल तर ती विणीतली की कशिद्याची, हेही उलट बाजूच सांगते. कसुती, म्हणजे तिकडचा कशिदा, सुईने भरलेली असते, विणून झाल्यावर. तिच्या गवंती आणि मुर्गी टाक्यांत दोन्ही बाजूंनी आकृती सारखी दिसते आणि गाठ दिसत नाही. धुण्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की कसुती असेल तर तिच्या प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी घ्या. साडीचा रंग पक्का आणि कशिद्याचा कच्चा, असं बऱ्याचदा होतं.

डाग वाचणं

गुलाबी पट्ट्याचा फोटो नीट काढला असेल तर रंग कोणत्या वेळी लागला ते त्यात दिसतं, आणि पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं तेही.

पांढरा पट्टा सगळा सारखाच गुलाबी झाला असेल आणि अंगाच्या फिक्या चौकड्यांवरही तीच झाक आली असेल, तर रंग पाण्यात उतरला होता आणि साडी त्या पाण्यात पडून राहिली. भिजत घातलेल्या साड्यांचं हे लक्षण. पट्टा मधे पांढरा आणि लालच्या शेजारी कडेकडेने गडद गुलाबी असेल, तर धुताना फारसं काही झालं नाही. वाळताना लालमधलं ओलं पाणी शेजारच्या पांढऱ्यात ओढलं गेलं आणि जिथे ते आटलं तिथे रंग साचला. आणि डाग तुटक, चौकोनी, एकमेकांच्या समोरासमोर जुळणारे असतील, तर साडी ओली घडी करून ठेवली होती: लाल घडी ज्या भागावर टेकली, तिथे ठसा उमटला. अंगावर, पदरापासून लांब असे एकटे गुलाबी ठसे दिसले तर बहुतेक वेळा कारण ओली घडीच असते.

या तीन खुणा ओळखता आल्या की "रंग पक्का करायचं काहीतरी सांगा" या मागणीची गरज बरेचदा राहत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात रंग पूर्ण कच्चा असेलच असं नाही. वाळवण्यात चूक झालेली असते.

धाग्याची परीक्षा

चाचणीसाठी धागा कुठून काढायचा हे महत्त्वाचं आहे, कारण एका ठिकाणचा धागा दुसऱ्या ठिकाणाबद्दल काही सांगत नाही. पदराच्या दशांमधला धागा म्हणजे पदराचा ताणा. साडीच्या आतल्या टोकाला, जे निऱ्यांच्या आधी खोचलं जातं, तिथे मधोमध निघणारा उभा धागा म्हणजे अंगाचा ताणा, कडेचा उभा धागा म्हणजे काठाचा ताणा, आणि आडवा निघणारा अंगाचा बाणा. चारही ठिकाणचे दोन दोन इंचांचे धागे पुरतात. फॉल-पिको झालेलं असेल तर आतल्या टोकाची शिलाई दोन बोटं उसवून धागा काढा.

धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. सुती धागा कागदासारखा भुरभुर जळतो, वासही कागदाचा, राख राखाडी आणि मऊ. रेशीम ज्योत बाजूला घेताच बहुधा विझतं, केस जळल्याचा वास येतो आणि काळा मणी उरतो जो बोटांनी चुरडतो. पॉलिस्टर वितळतं आणि टणक मणी उरतो जो चुरडत नाही. अडचण रेयॉनची आहे: ते सुतासारखंच जळतं, म्हणून जाळून सूत आणि रेयॉन वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी दुसरा धागा घ्या, मधोमध पाण्याचं बोट लावा आणि दोन्ही टोकं धरून हळू ताणा. रेयॉन ओल्या जागी सहज तुटतो. सुती धागा ओल्या जागी टिकतो, तुटला तर कोरड्या जागी तुटतो. दुकानदार "सिल्क पदर" म्हणाला असेल तरी ही परीक्षा घ्या. आर्ट सिल्क या नावाखाली रेयॉनही विकलं जातं आणि पॉलिस्टरही, आणि त्या दोघांची धुलाई अगदी वेगळी आहे: पॉलिस्टरच्या पदराला ओलेपणाची भीतीच नसते.

रंगाची परीक्षा

रंग जातो म्हणजे नक्की काय होतं, हे धाग्याप्रमाणे बदलतं. रेशमावर बहुधा आम्ल जातीचे रंग असतात. ते खार असलेल्या, म्हणजे अल्कधर्मी पाण्यात सुटतात, आणि कपड्यांची नेहमीची पावडर व साबणाची वडी दोन्ही अल्कधर्मी असतात. म्हणून साध्या पाण्यात न सुटणारा रेशमी लाल रंग पावडरीच्या पाण्यात भसाभसा सुटतो. सुतावर आणि रेयॉनवर स्वस्तातले थेट, म्हणजे डायरेक्ट जातीचे, रंग असतील तर ते साध्या पाण्यातही जातात, आणि दर धुण्याला जातात. चांगले रिअॅक्टिव्ह रंग असतील तर धाग्याशी न जुळलेला जादा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत निघून जातो आणि मग थांबतो.

यातूनच घरी करता येणारी पारख निघते. पदराच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्याखाली पांढरं सुती फडकं ठेवा, वर साध्या पाण्याने ओलं केलेलं दुसरं पांढरं फडकं ठेवून दोन मिनिटं तळव्याने दाबा. घासू नका. मग शेजारच्या जागी तीच चाचणी सौम्य धुलाईच्या द्रवाच्या पाण्याने करा, ज्या पाण्याने पुढे खरोखर धुणार आहात त्याच पाण्याने. दोन्ही फडकी पांढरी राहिली तर घरी धुवा. साधं पाणी स्वच्छ आणि द्रवाच्या पाण्याला लाली आली, तर द्रव बदला किंवा निम्मा करून पुन्हा पाहा. साध्या पाण्यालाच गडद लाली आली, तर ही साडी पाण्यात घालू नका, ड्रायक्लीनला द्या. ड्रायक्लीनच्या द्रावणात पाणी नसल्यामुळे असा रंग त्यात पसरत नाही, मात्र देताना "डागावर पाणी लावू नका आणि रोल पॉलिश करू नका" हे सांगा. रोलवर ताणून केलेल्या पॉलिशमध्ये टोप पदराचा सांधा खेचला जातो.

मीठ, तुरटी, व्हिनेगर यांच्याबद्दल इतकं ऐकायला येतं की थोडं सविस्तर सांगायला हवं. मिठाच्या पाण्यात थेट रंग कमी सुटतो, हे खरं आहे. पण तेवढ्या पाण्यापुरतंच. पुढच्या साध्या पाण्यात तो पुन्हा सुटतो. मीठ रंग पक्का करत नाही. व्हिनेगरने रेशमावरच्या आम्ल रंगाला मदत होते, कारण साबणाचा उरलेला खार मरतो. सुतावर किंवा रेयॉनवर व्हिनेगरचा रंगाला काही फायदा नाही. तुरटी वनस्पतीजन्य रंगांसाठी कापड रंगवण्याआधी वापरतात. रंगवलेल्या इरकलीला नंतर तुरटी लावून काही पक्कं होत नाही. रंगाच्या दुकानात मिळणारं रंग पक्का करायचं द्रव सुती आणि रेयॉनच्या थेट रंगाला बऱ्यापैकी धरून ठेवतं, पण ते पांढऱ्या पट्ट्यात शिरलेली गुलाबी झाकही तितकीच पक्की करतं. म्हणून ते वापरायचंच असेल तर डाग काढून झाल्यावरच.

धुणं

चाचणीत पास झालेल्या, सुती अंगाच्या आणि रेशमी किंवा रेयॉन पदराच्या साडीसाठी हा क्रम आहे. आधी सगळी तयारी मांडून ठेवा, कारण साडी पाण्यात गेल्यापासून टॉवेलवर येईपर्यंत पंधरा मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये.

दोन मोठे टब, प्रत्येकात किमान 20 लिटर साधं पाणी. गरम नको, कोमटही नको. कमी पाण्यात सुटलेला रंग दाट होतो आणि तोच परत कापडावर बसतो, म्हणून पाण्यात काटकसर नको. एका टबात लोकरी-रेशमी कपड्यांसाठी मिळणारा सौम्य द्रव, ईझीसारखा, दोन ते तीन टोपण. पावडर नको, साबणाची वडी नको. रिठे वापरायचे असतील तर बिया काढलेली दहा-बारा टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, दाट फडक्याने गाळा आणि त्यातलं पाव लिटर टबात घाला. रिठ्याचं पाणी नीट गाळलं नाही किंवा जास्त घातलं तर पांढऱ्या पट्ट्यांवर पिवळसर छटा येते. एवढी एक काळजी घेतली तर रेशमी पदराला रिठा उत्तम.

पदर वेगळा धुवावा म्हणून बाकीची साडी कोरडी बाहेर ठेवून नुसता पदर बुडवण्याची पद्धत आहे. ती करू नका. कोरडं सूत लाल पाणी वातीसारखं ओढून घेतं आणि सांध्यापलीकडे अंगावर लाल रेघ उमटते. त्याऐवजी सगळी साडी आधी दुसऱ्या, साध्या पाण्याच्या टबात एकदम बुडवून पूर्ण ओली करा. पाण्याने आधीच भरलेला धागा रंगीत पाणी कमी शोषतो. मग लगेच द्रवाच्या टबात घ्या आणि हाताच्या तळव्यांनी दाबत, हलवत राहा, तीन ते चार मिनिटं. ब्रश नाही, आपटणं नाही, कापडावर कापड चोळणं नाही. साडी ढिगासारखी थांबू देऊ नका.

उचलताना दोन्ही हात खाली घालून सगळी साडी एकत्र, मुलाला उचलावं तशी उचला. मोठी जाळीची पिशवी असेल तर धुण्यापासूनच तिच्यात ठेवा. मग भार पिशवीवर येतो, सांध्यावर येत नाही. पाणी बदलून दोनदा विसळा. पदर रेशमी निघाला असेल तर शेवटच्या पाण्यात दहा लिटरला दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर. बोअरचं जड पाणी असेल तर एक विसळणी वाढवा, नाहीतर वाळल्यावर लाल भागावर पांढरट थर दिसतो आणि लोक त्याला रंग उडाला समजतात.

पिळायचं नाही. जमिनीवर दोन जुने पांढरे टॉवेल पसरा, साडी लांबट घडीत त्यावर ठेवा, पण पदराच्या प्रत्येक घडीमध्ये पांढरं फडकं घाला म्हणजे लाल भाग दुसऱ्या कशालाही टेकणार नाही. गुंडाळी करून गुडघ्याने दाबा. मग लगेच सोडवा आणि वाळायला घाला. सावलीत, वाऱ्यावर. जागा असेल तर पदर चटईवर सपाट पसरलेला सगळ्यात बरा. दोरीवरच घालायची असेल तर अंगाचा भाग दोरीवर आणि पदर खाली लोंबता ठेवा. त्यामुळे लालचं पाणी खाली गळून जातं, अंगात शिरत नाही, आणि ओल्या पदराच्या धाग्यांवर फक्त स्वतःचा भार राहतो. पदर दोरीवर आणि अंग खाली, असं केलं तर दोन्ही गोष्टी उलट्या होतात.

इस्त्री पूर्ण वाळल्यावरच, उलट बाजूने, मधे पांढरं सुती कापड घालून. किंचित दमट असताना इस्त्री केली की सूत छान बसतं, पण ओल आणि उष्णता एकत्र आली की लाल रंग शेजारी छापला जातो. अंगाला इस्त्री करण्यासाठी दमटपणा हवाच असेल तर पाणी फक्त अंगावर शिंपडा, सांध्याच्या हातभर अलीकडे थांबा. खळ घालायची तर तीही फक्त सुती अंगाला आणि नेसायच्या आधी. ठेवणीतल्या साडीला खळ नको. कसर तिच्यावरच येते.

एक साडी, सुरुवातीपासून

समजा नऊवारी आहे, अंग गडद हिरवं आणि त्यात बारीक चौकडा, काठ चार बोटं लाल, पदर लाल-पांढरा. तक्रार दोन: पांढरे पट्टे गुलाबी, आणि पदर सुरू होतो तिथे चुण्या.

सांध्याच्या फोटोत फास दिसतात, म्हणजे टोप पदर. काठ मागूनही शुद्ध लाल आहे, म्हणजे तीन धोट्यांचं काम. डागाच्या फोटोत पट्टे कडेला गडद गुलाबी आणि मधे जवळजवळ पांढरे, अंगाच्या चौकड्यात काहीच लाली नाही. म्हणजे रंग वाळताना सरकला. धाग्यांची परीक्षा: अंगाचा ताणा-बाणा कागदासारखा जळला आणि ओला ताणल्यावर टिकला, म्हणजे सूत. दशांचा लाल धागाही कागदासारखाच जळला, पण पाण्याचं बोट लावताच तुटला, म्हणजे रेयॉन. साध्या पाण्याच्या फडक्याला अगदी फिकी लाली, द्रवाच्या पाण्यालाही तेवढीच, म्हणजे लाली गडद नाही आणि द्रवाने वाढतही नाही, म्हणून घरी धुता येते.

यातून चुण्यांचा उलगडा होतो. सूत आणि रेयॉन पहिल्या धुण्यात सारखे आटत नाहीत. ज्या रेषेवर ते जोडलेले आहेत तिथे एक बाजू ओढते आणि दुसरी गोळा होते. साडी पदराला धरून उचलली असेल तर फास आणखी ताणले गेलेले असतात. अशा चुण्या पूर्ण जात नाहीत, पण बऱ्याच बसतात: पूर्ण वाळलेला सांधा उलट बाजूने टेबलावर ठेवा, वर कोरडं पांढरं कापड, आणि बोटांनी सांध्याच्या दोन्ही बाजू हलक्या सारख्या करत रेशमाच्या उष्णतेवर इस्त्री नुसती टेकवत जा. इस्त्री पुढेमागे ओढू नका. एखादा फास तुटलेला दिसला तर आधी तो रफूवाल्याकडून बांधून घ्या, कारण एक सुटला की पुढच्या धुण्यात शेजारचे सैल होतात.

डागासाठी पहिला प्रश्न असा की साडीला इस्त्री झाली आहे का. नसेल तर आशा चांगली आहे. वर सांगितल्याप्रमाणे भरपूर पाण्यात सौम्य द्रव घालून पाच मिनिटं धुवा, टबात दोन-तीन जुनी पांढरी सुती फडकी सोबत सोडा. पाण्यातला सुटा रंग त्यांच्यावरही जाऊन बसतो. पाणी बदलून हेच दोनदा करा आणि मग टॉवेलचा टप्पा अजिबात न चुकवता वाळवा, पदर सपाट ठेवून. कडेची गुलाबी रेघ त्यानंतरही उरली तर पट्ट्याखाली टिपकागद ठेवा, कापसाच्या काडीला अगदी थोडं द्रवाचं पाणी लावून गुलाबी भाग टिपा आणि टिपकागदाची जागा बदलत राहा. काम कंटाळवाणं आहे, एका पट्ट्याला अर्धा तास सहज जातो, पण याने फरक पडतो.

ब्लीच घालू नका. क्लोरीनचं ब्लीच लाल रंगही खातं, आणि पदर रेशमी असेल तर रेशीमच विरघळवतं. रंग काढायची हायड्रो पावडर पांढऱ्या पट्ट्याबरोबर शेजारचा लालही उडवते. त्या दोघांच्या मधे अर्ध्या सुताचंही अंतर नसल्यामुळे ती नुसत्या डागावर लावणं शक्य होत नाही. इस्त्री झालेला, वर्षभर जुना डाग या कशानेच पूर्ण निघत नाही. त्याला आणखी छेडण्यापेक्षा तेवढी झाक राहू द्यावी.

आणि पुढच्या प्रत्येक धुण्याला टबातलं पाणी एका पांढऱ्या वाटीत घेऊन फोटो काढून ठेवा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी. लाली दर वेळी कमी होत गेली तर तो जादा रंग होता, तिसऱ्या-चौथ्या धुण्याला थांबेल. चार धुण्यांनंतरही वाटीतलं पाणी पहिल्याइतकंच लाल असेल तर रंगाची जातच कच्ची आहे, आणि ती साडी यापुढे ड्रायक्लीनलाच द्यायची.